कमी वाचणाऱ्या सोसायटीत वाचनालय: दिवाळी अंकांपासून सुरुवात करा

सोसायटीत वाचनालय काढायचं ठरलं की पहिली मागणी खोलीची होते. क्लबहाऊसमधली रिकामी खोली मिळते, ग्रुपवर आवाहन होतं, चारशे पुस्तकं जमा होतात, फीत कापली जाते. दोन-तीन महिन्यांत खोलीला कुलूप लागतं आणि पुस्तकांच्या खोक्यांवर कोणाच्या तरी लग्नातल्या खुर्च्या रचल्या जातात. याचं कारण पुस्तकांची कमतरता हे नसतं. 96 फ्लॅटच्या सोसायटीत नेमाने वाचणारी घरं आठ-दहा असतील, तर त्या घरांना पुस्तकं कुठून आणायची हे आधीच ठाऊक असतं. उरलेली घरं संध्याकाळी सहा ते आठ या ठरलेल्या वेळेत, वेगळ्या इमारतीतल्या खोलीपर्यंत चालत जात नाहीत.

म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. आधी वाचणारे जमवायचे, मग एक कपाट, आणि खोली नाहीच. उदाहरणासाठी पुण्या-ठाण्यात सर्रास दिसते तशी 96 फ्लॅटची, दोन विंगची, मराठीबरोबर हिंदी आणि इतर भाषा बोलणारी घरं असलेली सोसायटी धरली आहे. तुमच्याकडे फ्लॅट कमी-जास्त असतील तर आकडे त्या मानाने बदला.

सप्टेंबर: कोण वाचतं, हे विचारायची पद्धत

ग्रुपवर फॉर्म पाठवू नका. तो आधीच वाचणारे लोक भरतात. दोघांनी मिळून चार-पाच संध्याकाळी घरोघरी किंवा लिफ्टपाशी गाठून विचारावं. ‘तुम्हाला वाचनाची आवड आहे का?’ हा प्रश्न मात्र टाळा. त्याला नाही म्हणणं लोकांना अवघड जातं आणि उत्तराचा उपयोग होत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: घरात शेवटचं पुस्तक किंवा मासिक कोणी वाचून संपवलं आणि ते कोणतं होतं, कोणत्या भाषेत वाचायला सोपं जातं, घरात दहा वर्षांखालचं मूल किंवा सत्तरीपुढचं कोणी आहे का.

उत्तरांवरून घरांचे तीन गट पडतात. काही आजही वाचतात, काही कधीच वाचत नव्हते. मधला गट तुमच्या कामाचा आहे: कॉलेजपर्यंत किंवा मुलं होईपर्यंत वाचणारे, नंतर सुटलेले. ही माणसं एखाद्या पुस्तकाचं नाव लगेच सांगतात आणि मग म्हणतात, ‘पण ते वीस वर्षांपूर्वीचं.’ अशा घरांचे फ्लॅट नंबर वेगळे लिहून ठेवा. पहिली बारा घरं निवडताना तीन-चार नेहमीची वाचणारी आणि आठ-नऊ या मधल्या गटातली घ्या. सगळेच दांडगे वाचक घेतलेत, तर पुढे काहीच पसरत नाही.

ऑक्टोबर ते मार्च: बारा घरं, तेरा अंक

सुटलेल्या वाचकाला तीनशे पानांची कादंबरी हातात घेताना धाक वाटतो. दिवाळी अंकाचं तसं होत नाही. तो कुठूनही उघडता येतो, आठ-दहा पानांत एक मजकूर संपतो, न आवडलेला सोडून पुढे जाता येतं, आणि अर्धवट परत केला तरी अपराधी वाटत नाही. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांना या वाचनाची सवय आहे. ज्या घरात एरवी पुस्तक येत नाही तिथेही लहानपणी अंक आलेला असतो. दुसरं ओळखीचं साधन म्हणजे भिशी. ही योजना तशीच चालते, फक्त पाळीने पैशांऐवजी अंक येतो.

प्रत्येक घराकडून 400 रुपये घ्या, म्हणजे 4800 जमतात. साधारण 350 रुपयांचा एक धरला तर 13 अंकांना 4550 लागतात. उरलेल्या अडीचशेत प्लास्टिकची कव्हरं आणि वही येते. पहिल्या वर्षी सोसायटीच्या निधीतून पैसे मागू नका. वार्षिक सभेत पार्किंग आणि गळतीच्या वादात हा खर्चही ओढला जातो, आणि योजना रुजायच्या आधीच तिला विरोधक मिळतात.

अंक निवडताना निवडणाऱ्याची आवड सगळ्यांवर लादली जाते, तेवढं सांभाळा. चार कथाप्रधान, दोन विनोदी, दोन एकाच विषयाला वाहिलेले, एक आरोग्य किंवा पाककृतींचा, एक भविष्याचा आणि दोन मुलांचे, असे बारा घ्या. भविष्याच्या अंकाला नाकं मुरडू नका. तो ज्या घरात उघडला जातो तिथे त्यातली कथाही कोणीतरी वाचतं. तेरावा अंक राखीव, त्याचं काम पुढे येतं.

घरांना 1 ते 12 क्रमांक द्या. 1 डिसेंबरला घर क्रमांक 1 ला अंक 1, घर 2 ला अंक 2, असं वाटप करा. मग दर महिन्याच्या 1, 11 आणि 21 तारखेला प्रत्येक अंक पुढच्या क्रमांकाच्या घराकडे जातो आणि बाराव्याचा पहिल्याकडे येतो. महिन्याला तीन पाळ्या, म्हणजे चार महिन्यांत बाराही अंक बाराही घरांत फिरून 31 मार्चला साखळी पूर्ण होते.

अंक थेट शेजाऱ्याच्या दारात नेऊन देण्याची पद्धत दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला तुटते. पाच नंबरचे गावी गेलेले असतात, सहा नंबरचे वाट पाहतात, सात नंबरला वाटतं योजना बंद पडली. यावर उपाय म्हणजे अदलाबदल एकाच जागी करणं: ठरलेल्या तारखेला रात्री आठ ते साडेआठ, खालच्या लॉबीत, एक टेबल. ज्याचा अंक आला नाही त्याच्या पुढच्या घराला राखीव अंक द्यायचा, म्हणजे रिकाम्या हाताने कोणी परत जात नाही. उशिरा आलेला अंक मग राखीव होतो. या अर्ध्या तासाचा आणखी एक फायदा आहे. लोक टेबलापाशी उभे राहून ‘त्यातली ती कथा वाचलीत का?’ असं आपणहून बोलू लागतात.

प्रत्येक अंकाच्या आतल्या बाजूला बारा ओळींचं एक कार्ड चिकटवा. वाचणाऱ्याने आपल्या ओळीत फ्लॅट नंबर आणि आवडलेल्या एका मजकुराचा पान क्रमांक लिहायचा, बाकी अभिप्राय नको. अभिप्राय लिहायला सांगितला की लोक कार्डच टाळतात. एक आकडा लिहायला कोणी कचरत नाही. मार्चअखेर या कार्डांवरून सोसायटीला काय आवडतं ते कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा नेमकं कळतं. एकाच पानाचा आकडा चार-पाच ओळींत आला असेल, तर त्या लेखकाची पुस्तकं कपाटात आधी यायला हवीत.

एप्रिल: कपाट कुठे आणि कसं

मुलांच्या परीक्षा संपता संपता कपाट उघडा. मे महिन्याची सुट्टी ही त्याची सगळ्यात चांगली सुरुवात असते.

जागेसाठी कमिटीला साधं पत्र द्या आणि बैठकीच्या इतिवृत्तात चार गोष्टी नोंदवून घ्या: नेमकी जागा, जबाबदार तीन सभासदांची नावं, सोसायटीवर मासिक खर्च नाही, आणि सहा महिन्यांनी आढावा. तोंडी परवानगीवर ठेवलेलं कपाट कमिटी बदलली की हलतं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सांगतं, वाचकाचा वेळ वाचवा. सोसायटीत याचा अर्थ असा की कपाट लिफ्टची वाट पाहणाऱ्याच्या नजरेसमोर हवं. पार्किंगमध्ये धूळ आणि ओल असते, गच्चीखालच्या मजल्यावर कोणी जात नाही. दोन विंग असतील तर कपाट एका लॉबीत ठेवून दुसरीत फक्त नव्या पुस्तकांची यादी लावा. दोन कपाटांत विभागलेली पुस्तकं दोन्हीकडे तोकडी दिसतात. जिना, अग्निशमनाचा होजबॉक्स आणि मीटरची खोली यांच्या वाटेत मात्र कपाट येऊ देऊ नका.

सहा फूट उंच, तीन फूट रुंद, काचेच्या दारांचं कपाट पुरतं. लोखंडी बंद दाराचं नको, आतलं दिसत नाही. उघडी मांडणी नको, आठवड्यात धुळीने माखते. तळाचा खण जमिनीपासून निदान पाच इंच वर हवा, कारण लॉबी पाण्याने धुतली जाते. मागची बाजू भिंतीपासून दोन-तीन इंच सोडा आणि ज्या भिंतीत सांडपाण्याचा पाइप आहे ती भिंत टाळा. पावसाळ्यात पानं लाटांसारखी वळू लागली, कुबट वास आला किंवा कडेला तपकिरी ठिपके दिसले, तर ओल लागली आहे असं समजून पुस्तकं काढून पंख्याखाली उभी ठेवा. कडक उन्हात टाकली तर बांधणी सुटते. पानांवर वेडीवाकडी कुरतडलेली जागा दिसली तर कसर आहे. कपाट रिकामं करून कोरड्या फडक्याने कोपरे पुसा आणि वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवा. लहान मुलांचे हात लागतात तिथे डांबर गोळ्या ठेवू नयेत.

कुलूप लावू नका. किल्ली कोणाकडे आहे हे विचारावं लागलं की पुस्तक नेण्याचा विचार तिथेच संपतो. वर्षभरात पंधरा-वीस पुस्तकं परत येणार नाहीत असं आधीच धरा, आणि म्हणूनच दुर्मीळ किंवा कोणाच्या आठवणीची पुस्तकं कपाटात घेऊ नका.

कपाटात काय ठेवायचं

सुरुवातीला 130 पुस्तकं बास. 45 मुलांची, 25 दिवाळी अंक (यंदाचे तेरा आणि लोकांकडे पडलेले मागचे), 35 दोनशे पानांच्या आतली मराठी पुस्तकं, 15 हिंदी-इंग्रजी आणि 10 रोजच्या कामाची: पाककृती, कुंडीतली बाग, प्रथमोपचार, प्रवास. मुलांची पुस्तकं सर्वांत जास्त ठेवायचं कारण सरळ आहे. मूल कपाटापाशी थांबलं की त्याच्याबरोबरचे आई-बाबा किंवा आजोबा तिथे पाच मिनिटं उभे राहतात आणि त्यांची नजर वरच्या खणांवर फिरते.

मुलांची पुस्तकं खालच्या खणात, दोन प्लास्टिकच्या टबांत, मुखपृष्ठ पुढे करून ठेवा. पातळ पुस्तकाला कणाच नसतो, ओळीत उभं केलं की ते हरवतं. नजरेच्या उंचीच्या खणात फक्त सहा पुस्तकं, मुखपृष्ठ समोर करून. तीन फुटांत सहाच मावतात आणि त्यांतलीच सगळ्यात आधी उचलली जातात. बाकीच्या खणांत एक तृतीयांश जागा रिकामी सोडा. गच्च भरलेल्या ओळीतून पुस्तक ओढून काढायला न वाचणारा माणूस धजत नाही.

देणगीचं आवाहन हा सगळ्यात नाजूक भाग. ‘नको असलेली पुस्तकं द्या’ असं लिहिलंत तर स्पर्धापरीक्षांची गाईडं, जुने ज्ञानकोशाचे सुटे खंड, इंजिनिअरिंगची क्रमिक पुस्तकं आणि पिवळी पडलेली मासिकं येतील. दात्याचा मान राखायचा म्हणून ती कपाटात जातील, आणि कपाट पहिल्याच दिवशी रद्दीसारखं दिसेल. आवाहन असं लिहा: ‘तुम्ही स्वतः वाचलेलं आणि आवडलेलं पुस्तक द्या. एका घरातून जास्तीत जास्त दोन. निवड समिती करील, न घेतलेली पुस्तकं आठ दिवसांत परत दिली जातील.’ शेवटचं वाक्य आधीच छापलेलं असलं की नकार देताना कोणाला वाईट वाटत नाही.

मुलांची पुस्तकं मात्र विकतच घ्या, कारण देणगीत येतात ती रंगवलेली आणि फाटलेली असतात. प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन यांची पातळ मराठी पुस्तकं घेतली तर चाळीस-पंचेचाळीस पुस्तकं साधारण पाच हजारांच्या आत बसतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिकही लावून टाका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, त्या छापून घेता येतात. ग्रुपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफला मात्र थारा देऊ नका. तो लेखक-प्रकाशकाच्या हक्काचा भंग आहे, आणि ‘फाइल आहेच’ या समाधानात कोणी पुस्तक उचलत नाही.

नोंद, आठवण आणि फिरती

प्रत्येक पुस्तकाला क्रमांक द्या आणि तो मुखपृष्ठाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात चिकटवा. सोसायटीचा शिक्का पहिल्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर, समजा 17 व्या, असा दोनदा मारा. पहिलं पान फाटलं तरी पुस्तक ओळखता येतं. कपाटाला दोरीने वही आणि पेन बांधा. रकाने चारच: तारीख, पुस्तक क्रमांक, फ्लॅट, परत आल्याची तारीख. मोबाइल नंबर आणि सही मागू नका.

मुदत 21 दिवस, दंड नाही. वीस रुपये दंड लावला तर लोक पुस्तक परत आणण्याऐवजी तोंड चुकवतात. आठवण करून देताना ग्रुपवर फ्लॅट नंबर कधीच टाकू नका. एकदा चारचौघांत नाव निघालं की ते घर पुस्तक परत करतं आणि पुन्हा कपाटाकडे फिरकत नाही. ‘क्रमांक 64 ची वाट दोन घरं पाहत आहेत’ एवढं पुरतं.

तिसऱ्या महिन्यात एक थकवा येतो, आणि बहुतेक कपाटं तिथेच मरतात. लोकांनी सगळी मुखपृष्ठं पाहिलेली असतात, म्हणून ते बघणंच थांबवतात. त्यासाठी साठा दोन भागांत हवा: 130 कपाटात आणि 60-70 कोणाच्या तरी घरी पेटीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी 25 पुस्तकं बदला, नजरेच्या खणातली सहा मात्र दर आठवड्याला. चार महिन्यांत एकदाही वहीत न आलेलं पुस्तक कायमचं काढा. पेटीतला साठा संपत आला की शेजारच्या सोसायटीशी 30 पुस्तकांची अदलाबदल करा, दोन्हीकडे सही केलेली यादी ठेवून. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना याच तत्त्वावर चालते: शंभर पुस्तकांची पेटी एका गटाकडे काही महिने राहते आणि मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते.

जून: महिन्यातून एकदा अभिवाचन

वाचनगट म्हटलं की ‘पुढच्या वेळी अमुक पुस्तक वाचून या’ असं ठरतं. न वाचणाऱ्यांच्या सोसायटीत हा गृहपाठ दुसऱ्या बैठकीलाच गट संपवतो. तीन जण वाचून येतात, सात जण न वाचल्याच्या संकोचाने येतच नाहीत. इथे तिथल्या तिथे वाचायचं. दिवाळी अंकांच्या कार्डांवर ज्या पानांचे आकडे जास्त वेळा आले, तेच मजकूर पहिल्या चार महिन्यांसाठी घ्या.

एकूण वेळ 45 मिनिटं, शनिवारी रात्री नऊ वाजता, जेवणं आटोपल्यावर. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण 120 शब्द होतात, म्हणजे 1400-1500 शब्दांचा मजकूर बारा-तेरा मिनिटांत संपतो. असे दोन मजकूर, प्रत्येकानंतर आठ-दहा मिनिटं बोलणं. लांब कथा असेल तर आधी काटछाट करू नका, दुसरी निवडा. वाचणाऱ्याने घरी दोनदा मोठ्याने वाचून यावं, अडखळत वाचलेल्या चांगल्या कथेलाही लोक मोबाइल काढतात. खुर्च्या पंधराच मांडा, गोल, माइकशिवाय. पन्नास खुर्च्यांत बसलेले बारा जण कार्यक्रम फसल्यासारखे दिसतात.

‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘कोणती जागा लक्षात राहिली?’ असं विचारा, आणि आधी त्याला, जो आतापर्यंत बोललेला नाही. गट बिघडतो तो दोन कारणांनी. एक तर व्यासंगी सभासद प्रत्येक मजकुरावर पंधरा मिनिटं बोलतात, किंवा कोणीतरी स्वतःच्या कविता वाचायला घेतं. पहिल्याच बैठकीत दोन नियम सांगून टाका: एका वेळी दोन मिनिटं, आणि स्वतःचं लेखन इथे वाचायचं नाही. त्याच व्यासंगी माणसाला पुढचा मजकूर निवडायचं काम द्या, त्यांचं ज्ञान तिथे खरोखर उपयोगी पडतं. अमराठी घरांसाठी दर तिसऱ्या महिन्याला एक मजकूर हिंदी ठेवा.

आढावा घेताना

सहा महिन्यांनी वहीत किती नोंदी झाल्या ते मोजा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती वेगवेगळ्या फ्लॅटनी पुस्तकं नेली ते. महिन्याला तीस नोंदी आणि फ्लॅट फक्त सहा, म्हणजे मुळातले वाचक तेवढे चालवताहेत. पंधरा नोंदी आणि फ्लॅट बारा असतील तर ते जास्त चांगलं. सलग तीन महिने पाच घरांच्या वर आकडा गेला नाही, तर कपाटातल्या मोठ्या माणसांच्या पुस्तकांपैकी निम्मी काढा, मुलांच्या पुस्तकांना तो खण द्या आणि दिवाळीत बाराऐवजी चोवीस घरांच्या दोन स्वतंत्र साखळ्या करा. एकच चोवीस घरांची साखळी करू नका, ती दहा दिवसांच्या पाळीने आठ महिने लांबते आणि पावसाळ्यापर्यंत कोणाला तिची आठवण राहत नाही.

तीन जबाबदार सभासदांपैकी एकजण दरवर्षी एप्रिलमध्ये बदलावा आणि नव्या माणसाने जुन्याबरोबर निदान एक महिना काम करावं. वही, यादी, पेटी आणि शिक्का कोणाच्या घरी आहेत, हे कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा.